नवीन माल आला! व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला, कधी आणि कसं कळवायचं?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ब्रॉडकास्ट लिस्ट कशी बनवायची ते स्क्रीनवर पाहिलं. बटणं कुठे आहेत हे कळायला पाच मिनिटं पुरतात. पण व्हिडिओखाली सगळ्यात जास्त प्रश्न बटणांबद्दल नाहीत. ते असे आहेत: "मॅडम, दोनशे जणांना फोटो टाकले, चार जणांनीच उत्तर दिलं", "काही नंबरवर एकच टिक येते", "एका गिऱ्हाइकाने ब्लॉक केलं, आता काय?" या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. मेसेज पाठवण्याआधी आपण समोरच्याशी काय ठरवलं होतं?

म्हणून आज एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, तुमचं कराडमध्ये साड्यांचं छोटं दुकान आहे. एक माणूस काउंटरवर, एक मदतीला. महिन्यातून तीन-चार वेळा नवीन माल येतो आणि प्रत्येक रंगाचे दोन-तीनच नग असतात. दागिने, घरगुती फराळ, जुन्या गाड्या, भाड्याच्या खोल्या असा तुमचा कुठलाही धंदा असला तरी "मर्यादित नग, लवकर कळवायचं" हे गणित तेच राहतं.

आधी परवानगीचं वाक्य

बिल करताना आपण गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर घेतो. तो नंबर तिने बिलासाठी दिलेला असतो. साडीच्या फोटोंसाठी दिलेला नसतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस नियमांमध्येही हेच आहे. ज्याने स्वतः नंबर दिला आणि मेसेज घ्यायला होकार दिला, त्यालाच मेसेज करायचा, आणि कोणी "नको" म्हटलं तर थांबायचं. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशाही तीच आहे. होकार स्पष्ट हवा, ठरावीक कामासाठी हवा, आणि तो देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं असायला हवं.

मग होकार मागायचा कसा? "तुमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्या ना" असं नाही. काउंटरवर हे वाक्य बोला:

> "ताई, नवीन साड्या आल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू का? आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा. नको वाटलं की 'बंद' एवढंच लिहा, लगेच थांबवू."

या वाक्यात चार गोष्टी आहेत: काय पाठवणार, कुठे पाठवणार, किती वेळा पाठवणार आणि थांबवायचं कसं. आजच्या लेखात पुढे जे काही आहे, म्हणजे वेळ, मेसेजची मांडणी, याद्या, ते सगळं या एका वाक्याला दिलेला शब्द पाळणं आहे.

ती "हो" म्हणाली की आणखी दोन प्रश्न विचारा. पहिला, "कुठल्या साड्यांचे पाठवू? सुती, सिल्क, नऊवारी?" दुसरा, "दुपारी पाठवलेलं बरं की संध्याकाळी?" अर्धं मिनिट लागतं. पण या अर्ध्या मिनिटामुळे तुमची यादी इतर दुकानांच्या यादीपेक्षा वेगळी होते.

आता हा होकार नुसता तोंडी ठेवू नका, कारण सहा महिन्यांनी ना तिला आठवणार ना तुम्हाला. सोपा उपाय म्हणजे पहिला मेसेज तिच्याकडूनच येऊ द्या. काउंटरवर एक क्यूआर कोड लावा, जो स्कॅन केला की तुमच्या दुकानाचं चॅट उघडेल आणि त्यात मेसेज आधीच लिहिलेला असेल. बिझनेस अ‍ॅपच्या `Short link` मध्ये ही सोय आहे. हाताने लिंक बनवायची असेल तर तिचा साचा असा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=HO%20SADI
```

९१ नंतर तुमचा दहा आकडी नंबर. सुरुवातीला शून्य नाही, अधिकचं चिन्ह नाही, मध्ये जागा नाही. `%20` म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. गिऱ्हाईक स्कॅन करतं, "HO SADI" दिसतं, ते पाठवा दाबतं. झालं. तारीख-वेळेसह होकाराची नोंद तुमच्या चॅटमध्ये आपोआप राहिली. त्याखाली तुम्ही लगेच उत्तर द्या: "धन्यवाद ताई. सुती साड्यांचे फोटो, दुपारी, आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा. थांबवायचं असेल तर 'बंद' लिहा."

याशिवाय एक साधी वही किंवा शीट ठेवा. रकाने पाचच: नाव, नंबर, होकाराची तारीख, आवड आणि वेळ. सहावा रकाना मोकळा ठेवा, त्याचं काम पुढे येईल.

एकच टिक का येते?

ब्रॉडकास्टचा हा नियम कित्येकांना माहीत नसतो. तुमचा ब्रॉडकास्ट मेसेज फक्त त्यांनाच पोहोचतो, ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे. तुम्ही त्यांचा नंबर सेव्ह करून उपयोग नाही. त्यांनी तुमचा करायला हवा. एका यादीत जास्तीत जास्त २५६ नावं बसतात. आणि ग्रुपसारखं इथे कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. प्रत्येकीला तो मेसेज वैयक्तिक आल्यासारखा दिसतो आणि उत्तर फक्त तुमच्याकडे येतं.

म्हणूनच साड्यांसाठी मी ग्रुप करू नका असं सांगते. ग्रुपमध्ये शंभर बायकांचे नंबर एकमेकींना उघड होतात, आणि त्यासाठी त्यांनी होकार दिलेला नसतो. शिवाय एकीने भाव कमी करून मागितला की नव्व्याण्णव जणी वाचतात.

तर काउंटरवर क्यूआर स्कॅन झाल्यावर लगेच सांगा, "ताई, नंबर दुकानाच्या नावाने सेव्ह करून घ्या, नाहीतर फोटो येणार नाहीत." तिथल्या तिथे करून घ्या. घरी गेल्यावर कोणी करत नाही.

आता निदान कसं करायचं? पाठवलेल्या ब्रॉडकास्ट मेसेजवर बोट दाबून धरा आणि माहिती उघडा. कोणाला पोहोचला, कोणी वाचला ते दिसतं. समजा, एका नावासमोर दोन दिवस झाले तरी पोहोचल्याची खूण नाही. कारणं तीन असू शकतात: नंबर सेव्ह नाही, फोन किंवा नेट बंद आहे, नाहीतर तुम्हाला ब्लॉक केलं आहे. त्या गिऱ्हाइकाशी तुमचं एखादं चालू काम असेल, जसं फॉल-पिको तयार झालं हे कळवायचं आहे, तर तो साधा मेसेज तिला एकटीला जाईलच. त्यावर दोन टिक आल्या तर समजायचं, ब्लॉक नाही, फक्त नंबर सेव्ह नाही. त्यावरही कितीतरी दिवस एकच टिक राहिली तर तो विषय सोडून द्या. दुसऱ्या नंबरवरून मेसेज करून "मिळाला का?" विचारू नका. तिने ब्लॉक केलं असेल तर तेच तिचं उत्तर आहे.

आणि निळ्या टिकांवर फार विसंबू नका. पुष्कळ जणांनी त्या बंद केलेल्या असतात. निळी टिक नाही म्हणजे वाचलं नाही, असं होत नाही.

जुने नंबर फोनमध्ये पडून आहेत, त्यांचं काय?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. पाच वर्षांच्या बिलबुकातले चारशे नंबर आहेत, ते सरळ यादीत टाकू का? नको. त्या चारशेपैकी बऱ्याच जणींनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नसणार, त्यामुळे मेसेज पोहोचणारच नाही. ज्यांना पोहोचेल त्यांना तो अनोळखी वाटेल, आणि अनोळखी मेसेजवर माणूस ब्लॉक नाहीतर रिपोर्ट दाबतो. रिपोर्ट वाढले की व्हॉट्सअ‍ॅप खातं बंद करू शकतं. दुकानाचा नंबर गेला तर त्याबरोबर चालू ऑर्डरीही अडकतात.

बाजारात "एका क्लिकमध्ये हजारो मेसेज" असं सांगून सॉफ्टवेअर विकतात. ते व्हॉट्सअ‍ॅपच्या अटींविरुद्ध आहे, आणि तिथेही खातं बंद होण्याचीच भीती. तिकडे वळू नका.

जुन्या गिऱ्हाइकांसाठी दोन शांत रस्ते आहेत. एक, स्टेटस. तुम्ही दोघांनी एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला असेल तर तुमचं स्टेटस तिला दिसतं, आणि बघायचं की नाही हे ती ठरवते. तिथे एक ओळ टाका, "नवीन साड्यांचे फोटो हवे असतील तर 'हो साडी' असं पाठवा." दोन, पुढच्या वेळी ती दुकानात आली किंवा तिनेच काही विचारायला मेसेज केला की तेव्हा ते काउंटरवरचं वाक्य बोला. यादी हळू वाढेल. चालेल. होकार दिलेल्या साठ जणी, होकार न दिलेल्या चारशेंपेक्षा जास्त साड्या नेतात, कारण त्या साठ जणींनी स्वतः मागितलेलं असतं.

वेळ: त्यांची आणि आपलीही

"कुठल्या वेळी पाठवलं तर जास्त विक्री होते?" याचं एक ठरलेलं उत्तर नाही. घरी असणाऱ्या ताईंना दुपारी दोन-अडीचनंतर जरा निवांतपणा असतो. शिक्षिका शाळा सुटल्यावर फोन हातात घेतात. बँकेत किंवा ऑफिसात काम करणाऱ्यांना रात्रीचं जेवण झाल्यावरच वेळ मिळतो. म्हणून तर आपण होकार घेतानाच "दुपारी की संध्याकाळी?" विचारलं. त्यावरून दोन याद्या होतात आणि अंदाज बांधायची गरजच उरत नाही. तरी एक कुंपण घालून घ्या: सकाळी नऊच्या आधी आणि रात्री नऊच्या नंतर मेसेज नाही. कोणी "मी जागीच असते" म्हटलं तरी नाही.

आता दुसरी बाजू, तुमची वेळ. मेसेज गेला की पहिल्या तासा-दीड तासात सगळ्यात जास्त उत्तरं येतात. त्या वेळी तुम्ही गिऱ्हाइकात अडकलेले असाल तर समोरची वाट बघते, मग विसरते, आणि उद्या तुम्ही "हो, आहे" म्हणालात तर तोवर तिचा विचार बदललेला असतो. म्हणून पाठवण्याआधी साधं गणित करा. समजा पंधरा जणी विचारतील असं वाटतं, आणि एका चॅटला चार मिनिटं लागतात. म्हणजे पूर्ण एक तास. तो तास तुमच्याकडे आज आहे का? कराडच्या बाजारात संध्याकाळी गर्दी असते, दुपारी दुकान शांत असतं. मग दुपारची यादी अडीचला, आणि संध्याकाळची यादी दुकान आवरल्यावर साडेआठला. तो तास नसेल तर मेसेज उद्या. साड्या कुठे पळून जात नाहीत.

आठवड्यातून दोनदा असा शब्द दिला आहे, तर एखाद्या आठवड्यात तीन वेळा माल आला तरी दोनदाच. तिसरा माल पुढच्या आठवड्यात. आणि माल आला नसेल तर काहीच पाठवू नका. सुप्रभात, सुविचार, सणाच्या शुभेच्छांचे फोटो हे सगळं या यादीवर बंद. तिने साडीच्या फोटोंना "हो" म्हटलंय. शेजारच्या भावाच्या मोबाईल दुकानाची जाहिरातही या यादीवर जाऊ नये, आणि ही यादी त्याला देऊ तर नयेच.

सणांच्या बाबतीत आणखी एक हिशोब लागतो, तो ब्लाउज शिवण्याचा. संक्रांतीला काळी साडी लागते. १२ जानेवारीला तुम्ही काळ्या साड्यांचे फोटो टाकलेत तर ते वाचून नुसती चुटपुट लागते, कारण फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायला आता कोण घेणार? तुमच्या भागातले टेलर सणाच्या तोंडावर किती दिवस लावतात ते विचारा. आठ-दहा दिवस म्हणाले, तर काळ्या साड्यांचा मेसेज डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच जायला हवा. गौरी-गणपती आणि दिवाळीलाही हाच हिशोब. उलट पितृपक्षात पुष्कळ घरांत नवीन कपडे घेत नाहीत. त्या पंधरवड्यात माल लावून ठेवा, फोटो काढून ठेवा, आणि मेसेज घटस्थापनेच्या आसपास पाठवा.

मेसेजची मांडणी

आता आपल्या उदाहरणातला माल बघू. इरकल आल्या आहेत, बारा साड्या: चार रंग, प्रत्येकी तीन नग. वहीत एकूण १४० नावं आहेत. त्यांतल्या ६२ जणींनी "सुती" किंवा "इरकल" सांगितलं होतं. मेसेज फक्त या ६२ जणींना. सिल्क मागितलेल्या ताईला इरकलचा फोटो गेला तर तिच्या लेखी तो फालतू मेसेजच.

बिझनेस अ‍ॅपमध्ये गिऱ्हाइकांना लेबल लावता येतं. "सुती दुपार", "सुती संध्याकाळ" अशी लेबलं आधीच लावलेली असतील तर यादी निवडायला वेळ लागत नाही.

फोटो चारच, रंगाला एक. दिवसाच्या उजेडात, पदर आणि काठ दोन्ही दिसतील अशी घडी. ट्यूबलाइटखाली रंग बदलतो आणि मग "फोटोत वेगळी होती" हे ऐकावं लागतं. प्रत्येक फोटोखाली छोटा मजकूर लिहायचाच: "इ-१, हिरवी, ₹१,४५०". का? कारण ताई तो फोटो बहिणीला फॉरवर्ड करते. तुमचा मोठा मेसेज तिच्याबरोबर जात नाही, फोटोखालचा मजकूर जातो. कोड आणि किंमत त्यात असली की बहीणही बरोबर साडी मागते.

चार फोटोंनंतर एकच मजकूर:

> *नवीन आलं: सुती इरकल, ४ रंग*
> अंग सुती, पदर आर्ट सिल्क. यंत्रमागावरची.
> साडी ५.५ मीटर, ब्लाउज पीस ८० सेंमी जोडलेला.
> किंमत ₹१,४५० (जीएसटी धरून). प्रत्येक रंगाचे ३ नग.
> हवी असल्यास फक्त कोड पाठवा: इ-१, इ-२, इ-३ किंवा इ-४.
> आधी कोड येईल त्यांच्यासाठी उद्या रात्री ८ पर्यंत बाजूला ठेवू.
> दुकानात येऊन बघा, नाहीतर कुरिअरने (खर्च वेगळा, आधी सांगू).
> फोटो नको असतील तर "बंद" लिहा.

सुरुवातीच्या ओळीला दोन्ही बाजूंना तारांकन लावलं की व्हॉट्सअ‍ॅपवर ती ठळक दिसते. ती ओळ महत्त्वाची, कारण फोनच्या वरच्या पट्टीत तेवढीच दिसते. "खूशखबर! खूशखबर!" ने सुरुवात केली तर काय आलंय हे कळतच नाही.

दुसरी ओळ खरी हवी. इरकलचा पदर पूर्वी रेशमी असायचा. आता बऱ्याच साड्यांत तो आर्ट सिल्कचा असतो. आर्ट सिल्कला नुसतं "सिल्क" लिहू नका. यंत्रमागाची साडी "हातमाग" म्हणून लिहू नका. सेमी पैठणीला "पैठणी" म्हणू नका. पैठणी तर भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव आहे. साडी हातात आल्यावर ज्या ताईंना कापड कळतं त्यांना हे लगेच कळतं, आणि मग तुमच्या पुढच्या कुठल्याच मेसेजवर विश्वास राहत नाही.

किंमत लिहायचीच. "किमतीसाठी इनबॉक्स करा" असं लिहिलंत की प्रत्येकीला एक मेसेज जास्त करावा लागतो आणि तुम्हाला साठ उत्तरं. नग किती आहेत तेही खरं लिहा. तीन असताना "शेवटचा एकच" लिहिलं, आणि दोघी मैत्रिणींनी दुकानात एकमेकींना विचारलं की संपलं.

"फक्त कोड पाठवा" या ओळीने तुमचा निम्मा वेळ वाचतो. "ती हिरवी, नाही ती दुसरी हिरवी" हे संभाषण होत नाही.

उत्तरं आली, आता?

मेसेज अडीचला गेला. आता तासभर फोन हातात. नियम एकच: चॅटमध्ये ज्याचा कोड आधी आला, त्याची साडी आधी. ओळखीच्या वहिनींचा मेसेज नंतर आला तर त्यांना नंतरच. हा नियम मोडला की गावात ते लपत नाही.

कोड आला की तयार उत्तर पाठवा. बिझनेस अ‍ॅपमध्ये क्विक रिप्लाय साठवता येतात. चॅटमध्ये तिरकी रेघ टाइप केली की ते समोर येतात. उदाहरणार्थ: "इ-२ तुमच्या नावाने बाजूला ठेवली आहे. उद्या रात्री ८ पर्यंत. येणार की कुरिअर करू?" आणि खरोखर ती साडी चिठ्ठी लावून वेगळ्या कपाटात ठेवा. नाहीतर मदतनीस ती काउंटरवर विकून टाकतो.

उद्या रात्री आठपर्यंत ती आली नाही, तर एकदाच विचारा: "ताई, इ-२ ठेवू की पुढच्या नंबरला देऊ?" उत्तर नाही आलं तर साडी पुढच्या नंबरला. रुसायचं नाही आणि परत परत विचारायचंही नाही.

इ-३ संपली तर ६२ जणींना "इ-३ संपली" असा मेसेज करू नका. तो दुसरा मेसेज झाला, आणि बाकीच्यांना त्याचं काही देणंघेणं नाही. जिने विचारलं तिलाच सांगा, आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या खेपेला तोच रंग आला तर तिला एकटीला कळवा. बहुतेक वेळा ती साडी तिथेच विकली जाते.

"बंद" आलं की

वहीचा मोकळा ठेवलेला सहावा रकाना याच्यासाठी. कोणी "बंद" लिहिलं, किंवा "नका पाठवू", "stop", "बस झालं" असं काहीही लिहिलं, तर त्याच दिवशी तिचं नाव सगळ्या याद्यांतून काढा. सगळ्या म्हणजे सगळ्या. सुतीमधून काढलं आणि सिल्कमध्ये राहिलं, तर चार दिवसांनी पुन्हा फोटो जातो, आणि या वेळी ती "बंद" लिहीत बसत नाही, सरळ ब्लॉक करते. उत्तर एका ओळीचं: "हो ताई, नाव काढलं आहे." का, काय झालं, आमचं काही चुकलं का, हे विचारायचं नाही.

वहीतली ओळ खोडू नका. सहाव्या रकान्यात "बंद" आणि तारीख लिहा. ओळ खोडली तर सहा महिन्यांनी तुमचा मदतनीस बिलबुकातून तोच नंबर पुन्हा भरतो. परत सुरू करायचं तर तिने स्वतः सांगितल्यावरच.

पाठवून झाल्यावर चार आकडे

दोन दिवसांनी वहीच्या मागच्या पानावर चार आकडे लिहा. आपल्या उदाहरणात समजा असे आले: ६२ पैकी ४९ जणींना पोहोचला, १५ जणींनी उत्तर दिलं, ९ साड्या गेल्या, २ जणींनी "बंद" लिहिलं.

हे आकडे चांगले की वाईट, हे दुसऱ्या दुकानाशी तुलना करून कळणार नाही. प्रत्येक आकडा एका वेगळ्या कामाकडे बोट दाखवतो. १३ जणींना पोहोचलाच नाही, म्हणजे काउंटरवर नंबर सेव्ह करून घेण्यात आपण कमी पडतोय. १५ विचारणाऱ्यांपैकी ६ जणींनी घेतली नाही, तर त्या सहा चॅट वाचा. सगळ्यांनी "मीटर किती?" किंवा "कुरिअर किती?" हाच प्रश्न विचारला असेल, तर ते उत्तर मेसेजमध्येच यायला हवं होतं. आणि "बंद" आलेल्या दोघी कोण होत्या? त्यांनी संध्याकाळची वेळ सांगितली होती आणि मेसेज दुपारी गेला का? चुकीच्या यादीत होत्या का? पुढच्या वेळी "बंद" दोनाचे पाच झाले, तर नवीन नावं भरणं थांबवा आणि आधी हे शोधा.

यादी २५६ च्या वर गेली तर दुसरी यादी करता येते. पण नावं हजाराच्या घरात गेली आणि हाताने उत्तरं देणं जमेना, तर व्हॉट्सअ‍ॅपची मोठ्या धंद्यांसाठीची वेगळी सेवा आहे. तिथे प्रत्येक जाहिरातीच्या मेसेजला पैसे पडतात आणि मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. होकाराची अट तिथेही तीच. त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करू.

या आठवड्याचा गृहपाठ

एक: तुमच्या धंद्यासाठी परवानगीचं वाक्य लिहा. काय, कुठे, किती वेळा आणि थांबवायचं कसं, हे चारही त्यात हवं. दोन: क्यूआर छापून काउंटरवर लावा आणि पहिले दहा होकार घ्या. तीन: जो माल आत्ता दुकानात आहे, त्याचा एक मेसेज वरच्या मांडणीत लिहून घरातल्या कोणाला तरी दाखवा आणि विचारा, "हे वाचून तुला काही विचारावंसं वाटतं का?" जे विचारतील, ते मेसेजमध्ये घाला.

तुमचं वाक्य व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. फक्त गिऱ्हाइकाचं नाव-नंबर किंवा चॅटचा स्क्रीनशॉट टाकू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत!